मेसेज गेला, स्क्रीनशॉट उरला

समजा, पुण्यातल्या एका भाडेकरूने फ्लॅट सोडलाय. डिपॉझिट साठ हजारांचं आहे. घरमालकाने व्हॉट्सॲपच्या त्या चॅटवर चोवीस तासांचा टायमर लावून ठेवलेला आहे, म्हणजे तिथे लिहिलेला प्रत्येक मेसेज दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आपोआप नाहीसा होतो. संध्याकाळी मालकाचा मेसेज येतो: ‘डिपॉझिटचे साठ हजार १५ तारखेपर्यंत ट्रान्सफर करतो.’ मागोमाग दुसरा येतो: ‘रंगकाम आणि गीझरची दुरुस्ती त्यातून वजा होईल, हिशेब पाठवतो.’ भाडेकरू उत्तर देतो: ‘चालेल काका.’

आता भाडेकरू मधला मेसेज दाबून धरतो आणि ‘फक्त माझ्यासाठी डिलीट’ हा पर्याय निवडतो. मालकाने स्वतः ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं असतं तर ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ मागे राहिली असती. ‘फक्त माझ्यासाठी’ केलं की काहीच खूण राहत नाही, वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात. मग तो स्क्रीनशॉट घेतो. पडद्यावर दिसतं एवढंच: साठ हजार १५ तारखेपर्यंत देतो, आणि त्याखाली ‘चालेल काका.’

हा स्क्रीनशॉट बनावट म्हणता येत नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरने त्यात खाडाखोड केलेली नाही. दिसणारं प्रत्येक अक्षर खरोखर लिहिलं गेलं होतं, वेळाही खऱ्या आहेत. तरीही तो जे सांगतो ते खोटं आहे.

टायमर नसता, तर मालकाने आपला फोन काढून पुढे धरला असता. ‘फक्त माझ्यासाठी डिलीट’ केल्याने आपल्याच फोनवरची प्रत बदलते, समोरच्याची तशीच राहते. दोन फोन शेजारी ठेवले की मधली ओळ कुठे गाळली ते लगेच कळलं असतं. पण चोवीस तास उलटून गेल्यावर मालकाच्या फोनवर दाखवायला काहीच उरत नाही.

हीच गोष्ट उलट करून पाहा. मालकाने वजावटीचं काहीही लिहिलेलं नव्हतं, भाडेकरूने प्रामाणिकपणे जे होतं त्याचा स्क्रीनशॉट घेतला, आणि महिन्याभराने मालक म्हणाला, ‘मधे माझा एक मेसेज होता, तो तू काढून टाकलास.’ भाडेकरू हे खोडून काढणार कसं? त्याच्या फोनवरचं चॅटही पुसलं गेलेलं आहे. दोन्ही प्रसंगांत स्क्रीनशॉट अगदी सारखाच दिसतो. एकदा तो लबाडाच्या हातात आहे, एकदा प्रामाणिक माणसाच्या, आणि नुसत्या चित्राकडे पाहून कोण कोणता हे सांगता येत नाही.

गायब होणाऱ्या मेसेजबद्दल मला सांगायचं आहे ते इथेच आहे. टायमरने मेसेज पुसला जातो, पण स्क्रीनशॉट पुसला जात नाही. पुसली जाते ती स्क्रीनशॉट पडताळून पाहण्याची सोय. त्यामुळे स्क्रीनशॉटला कधी नव्हे इतकं महत्त्व येतं, तेही तो सर्वात कमी भरवशाचा झालेला असताना.

टायमर नेमकं काय करतो

व्हॉट्सॲपने ही सोय नोव्हेंबर २०२० मध्ये आणली, तेव्हा मुदत सात दिवसांची होती. डिसेंबर २०२१ पासून चोवीस तास आणि नव्वद दिवस हेही पर्याय आले. दोघांच्या चॅटमध्ये दोघांपैकी कोणीही टायमर चालू करू शकतो आणि कोणीही बंद करू शकतो. चालू केल्याची नोंद चॅटमध्ये दोघांनाही दिसते. आधीच्या मेसेजना त्याचा स्पर्श होत नाही, त्यानंतर लिहिलेले तेवढे मुदत संपली की जातात.

मात्र जातात म्हणजे चॅटमधून जातात. कोणी तो मेसेज टायमर नसलेल्या दुसऱ्या चॅटमध्ये फॉरवर्ड केला, तर तिथे तो राहतो. त्याला उद्देशून उत्तर दिलं असेल, तर उत्तराच्या वर दिसणारा मूळ मजकुराचा तुकडा मुदतीनंतरही राहू शकतो. फोटो आपोआप डाउनलोड होण्याची सोय चालू असेल तर फोटो गॅलरीत जाऊन बसतो. ॲप उघडलंच नाही तर नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसत राहू शकतो. आणि स्क्रीनशॉट तर कोणीही काढू शकतो. टायमर लावलेल्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर व्हॉट्सॲप समोरच्याला कळवत नाही. स्नॅपचॅट कळवतं, इन्स्टाग्रामही आपल्या गायब होणाऱ्या चॅटमध्ये कळवतं. ज्यांना या दोन ॲपची सवय आहे ते व्हॉट्सॲपवरही तसंच असेल असं धरून चालतात, आणि तिथे फसतात.

एप्रिल २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने यात एक चांगली भर घातली. टायमर असलेल्या चॅटमधला एखादा मेसेज दाबून धरला की तो ‘चॅटमध्ये ठेवा’ असं सांगता येतं. तसं केलं की ज्याने मेसेज लिहिला त्याला सूचना जाते आणि तो नकार देऊ शकतो. त्याने नकार दिला, की तो मेसेज मुदत संपल्यावर जातोच, पुन्हा कोणालाही ठेवता येत नाही. नकार दिला नाही, तर तो दोघांच्याही चॅटमध्ये राहतो.

आपल्या भाडेकरूने स्क्रीनशॉटऐवजी हे केलं असतं तर? साठ हजारांचा मेसेज त्याने ‘ठेवला’ असता, मालकाला ते कळलं असतं, आणि मालकाने वजावटीचा आपलाही मेसेज ठेवून घेतला असता. पुढे वाद झाला तरी दोन फोनवर दोन प्रती असत्या. मालकाने नकार दिला असता, तर भाडेकरूलाही वेळीच कळलं असतं की हा माणूस आपल्याच शब्दांना बांधील राहायला तयार नाही. मग व्यवहार ईमेलवर किंवा कागदावर न्यायचा. स्क्रीनशॉट ही सगळी पायरी ओलांडून जातो. तो समोरच्याला न विचारता घेतलेला असतो, आणि न विचारता घेतलेला असल्यामुळेच समोरच्याची साक्ष त्याच्या पाठीशी नसते.

पडद्याच्या चित्राची ताकद किती

स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणी पडद्यावर जे दिसत होतं त्याचं चित्र. ते कुठून आलं, कोणी लिहिलं, याबद्दल ते स्वतः काहीच सांगत नाही. चॅटच्या माथ्यावर दिसणारं नाव हे आपण आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव असतं. आपल्या मित्राचा नंबर घ्या, तो आमदारांच्या नावाने सेव्ह करा, फोटोची जागा कापून टाका, आणि मित्राला हवा तो मेसेज पाठवायला सांगा. एका मिनिटात आमदारांचं ‘चॅट’ तयार होतं. संगणकावरच्या व्हॉट्सॲप वेबमध्ये तर ब्राउझरच्या नेहमीच्या सोयी वापरून पडद्यावरचा मजकूरच बदलता येतो. बदल फक्त आपल्या पडद्यापुरता असतो, पण स्क्रीनशॉट त्याचाच निघतो.

साध्या चॅटमध्ये अशी लबाडी करणारा धोका पत्करत असतो, कारण समोरच्याचा फोन कधीही उघडला जाऊ शकतो. टायमरच्या चॅटमध्ये त्याला फक्त मुदत संपायची वाट पाहायची असते.

मग प्रामाणिक माणसाने काय करावं? मुदत संपायच्या आत एका चित्रावर न थांबता साखळी तयार करावी. आधी चॅट, मग नावावर टॅप करून उघडणारं पान, ज्यावर प्रत्यक्ष नंबर दिसतो. त्याहून बरं म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग: फोनच्या पहिल्या पडद्यापासून सुरू करून ॲप उघडायचं, चॅट उघडायचं, आधीच्या दिवसापासून हळूहळू खाली सरकायचं, नंबर दाखवायचा, मग थांबायचं. यात मधले मेसेज गाळलेले नाहीत असं सिद्ध होत नाही, पण नंबर कोणाचा आणि संभाषण कोणत्या ओघात आलं हे तरी स्पष्ट होतं. शक्य असेल तर तिसऱ्या माणसाला प्रत्यक्ष फोनवर ते चॅट दाखवून ठेवावं. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं तो पुढे सांगू शकतो.

आणि त्याच दिवशी, टायमर नसलेल्या ठिकाणी, एक ओळ लिहून पाठवावी: ‘काका, आज आपलं ठरल्याप्रमाणे साठ हजार १५ तारखेपर्यंत, वजावट काही नाही, बरोबर ना?’ ईमेल असो की साधा एसएमएस. काका ‘हो’ म्हणाले तर काम झालं. ‘अरे, रंगकामाचं काय?’ म्हणाले, तर वाद आजच समोर आला. काही न बोलता गप्प राहिले, तरी आपण त्याच दिवशी विचारलं होतं ही नोंद राहते. स्क्रीनशॉट एकट्याने जितकं सांगतो त्याहून त्याच्या मागेपुढे असलेल्या अशा साध्या गोष्टी जास्त सांगतात.

कोर्टात गेल्यावर

स्क्रीनशॉटसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा कायदा ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच वादातून आला. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीबद्दलचा अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा तो खटला. उमेदवारी अर्ज वेळेत भरले होते का, यावर वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्या उपकरणात मूळ नोंद आहे तो फोन किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सादर केला, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

ही दुसरी वाट सामान्य माणसाला सोपी वाटते. फोन काढायचा, चॅट उघडायचं, न्यायाधीशांना दाखवायचं. टायमरच्या चॅटमध्ये नेमकी हीच वाट बंद होते. फोन आहे, पण त्यातला मूळ मेसेज गेलेला आहे. उरलंय ते त्याचं चित्र.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ प्रमाणे द्यायचं प्रमाणपत्र आता दोन भागांत असतं. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं ‘हॅश’ लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवर ठरलेलं गणित करून काढलेली अक्षर-आकड्यांची एक ठरावीक लांबीची ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती ओळ बदलते, त्यामुळे दाखल केलेली फाइल नंतर कोणी बदललेली नाही हे कळतं.

पण हॅशची मर्यादाही समजून घ्यायला हवी. स्क्रीनशॉट काढल्यानंतर त्यात काही बदललं नाही, एवढंच हॅश सांगू शकतं. काढण्याआधी चॅटमधला मधला मेसेज काढून टाकला होता का, हे त्याला माहीत नसतं. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या लबाड भाडेकरूच्या स्क्रीनशॉटचंही हॅश बिनचूक येईल.

तज्ज्ञांना इतरत्र धागे मिळू शकतात. मुदत संपण्याआधी बॅकअप घेतलेला असेल तर त्यात तो मेसेज गेलेला असतो, जरी बॅकअप पुन्हा फोनवर आणताना मुदत संपलेले मेसेज ॲप काढून टाकत असलं तरी. अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती आधीपासून चालू असेल तर गेल्या चोवीस तासांतल्या नोटिफिकेशन तिथे दिसतात, मेसेजच्या सुरुवातीच्या ओळींसकट. फोनच्या साठवणीतही पुसलेल्या नोंदींचे अवशेष कधी सापडतात, कधी नाहीत. म्हणून वादाची चाहूल लागली की फोन फॉरमॅट करू नये, ॲप काढून पुन्हा टाकू नये, आणि स्क्रीनशॉटची मूळ फाइल जपावी. तीच फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की लहान होऊन जाते आणि तिच्यासोबतची तारीख-वेळेची माहिती गळून पडते. पलीकडे पोहोचते ती वेगळी फाइल, वेगळ्या हॅशची.

एकदाच दिसणारा फोटो

‘व्ह्यू वन्स’ फोटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने हा पर्याय आणला. फोटो एकदा उघडून बंद केला की पुन्हा दिसत नाही, फॉरवर्ड करता येत नाही, गॅलरीत जात नाही. चौदा दिवसांत उघडलाच नाही तर तसाच संपतो. २०२२ मध्ये त्याच्या स्क्रीनशॉटलाही अटकाव केला गेला. फोटो उघडा असताना ॲप फोनच्या प्रणालीला सांगतं की या पडद्याचं चित्र घेऊ देऊ नकोस, आणि प्रणाली ते पाळते.

हा अटकाव त्याच एका फोनपुरता असतो. शेजारी दुसरा फोन धरून पडद्याचा फोटो काढला, तर पहिल्या फोनला ते कळायचा मार्गच नाही. शिवाय सगळी भिस्त पलीकडच्या ॲपने नियम पाळण्यावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये झेंगो या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की असा फोटो पलीकडच्या माणसाने जोडलेल्या इतर उपकरणांकडेही जात होता, फक्त त्याच्यासोबत ‘एकदाच दाखवा’ अशी एक खूण असायची. ती खूण न पाळणारा बदललेला प्रोग्राम वापरला की फोटो साध्या फोटोसारखा साठवता येत होता. हे करणारी ब्राउझरची जोड-साधनं आधीपासून फिरतही होती. मेटाने त्यानंतर दुरुस्त्या केल्या.

अशा आश्वासनांचा अनुभव जुनाच आहे. नाहीशा होणाऱ्या फोटोंसाठी प्रसिद्ध झालेल्या स्नॅपचॅटवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये कारवाई केली. फोटो कायमचे नाहीसे होतात असा कंपनीचा दावा होता, प्रत्यक्षात इतर ॲप वापरून ते साठवता येत होते आणि काही व्हिडिओ तर फोन संगणकाला जोडून सहज मिळत होते. तडजोडीत कंपनीला वीस वर्षं बाहेरच्या तज्ज्ञांची देखरेख मान्य करावी लागली.

म्हणून पाठवणाऱ्याने हिशेब असा करावा: ‘व्ह्यू वन्स’मुळे चुकून पसरणं थांबतं. फोटो गॅलरीत पडून राहत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती फोन गेला तर दिसत नाही, चुकीच्या ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही. हा खरा फायदा आहे. ज्याने ठरवूनच ठेवायचा आहे, त्याला मात्र त्याने थांबवता येत नाही. आधार कार्डाचा फोटो अनोळखी एजंटला ‘व्ह्यू वन्स’ करून पाठवला म्हणजे तो सुरक्षित राहिला, असं समजू नये.

पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर इथली अडचण आणखी बिकट आहे. फोटो गेल्यावर चॅटमध्ये फक्त तो उघडला गेल्याची खूण राहते. एक फोटो आला आणि उघडला गेला एवढंच तिच्यावरून कळतं, फोटो कसला होता ते कळत नाही. एखाद्या मुलीला कोणी अश्लील फोटो पाठवला असेल, तरी तिच्याकडे तेवढीच खूण असते. एखाद्याने घराच्या नळाचा फोटो पाठवला आणि पुढे त्याच्यावर खोटा आरोप झाला, तरी त्याच्याकडे तीच खूण असते.

त्रास होत असलेल्या व्यक्तीने अशा वेळी पहिलं काम करावं ते म्हणजे ॲपमधून तक्रार. ‘व्ह्यू वन्स’ फोटोची तक्रार केली की तो फोटो व्हॉट्सॲपकडे जातो. एखाद्या नंबरची तक्रार केली की त्याच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीला पोहोचतात, आणि त्याला तसं कळवलं जात नाही. धमकी किंवा अश्लील फोटो असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घेणं, नंबर दिसेल असं पान टिपणं आणि तारीख-वेळ लिहून ठेवणं हे योग्यच आहे. ते घेऊन पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर जावं. फोटो लहान मुलाचा किंवा मुलीचा असेल तर मात्र त्याची प्रत काढू नये, कोणालाही पाठवू नये, थेट पोलिसांना कळवावं. असा मजकूर जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

ठेवणं वेगळं, दाखवणं वेगळं

आता समोरच्या माणसाच्या बाजूने पाहू. ज्याने टायमर लावला किंवा फोटो एकदाच दिसेल असा पाठवला, त्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली असते: हे तुझ्यासाठी आहे आणि आत्तापुरतं आहे. तंत्र कच्चं आहे म्हणून ती इच्छा खोटी ठरत नाही. कायद्यानेही हा फरक ओळखलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चं स्पष्टीकरण सांगतं, की एखाद्या स्त्रीने खासगी क्षणाचं चित्र काढायला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसली, तरी ते पसरवणं हा गुन्हाच आहे. हे कलम स्त्रियांपुरतं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई मात्र कोणत्याही व्यक्तीला लागू होतं. संमतीशिवाय कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्र काढलं किंवा पसरवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फोटो तिनेच पाठवला होता, हे त्याला उत्तर होत नाही.

अनेक जण याच्या उलट एक निकाल पुढे करतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं, की नवरा-बायकोमधले गुपचूप रेकॉर्ड केलेले फोन घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून पाहता येतील. त्यावरून ‘म्हणजे काहीही साठवलं आणि दाखवलं तरी चालतं’ असा अर्थ काढणं चूक आहे. न्यायालयाने पाहण्याची परवानगी न्यायालयापुरती आहे. तिथे दुसऱ्या बाजूला उलटतपासणीचा हक्क असतो, न्यायाधीश प्रश्न विचारतात, खोटं निघालं तर परिणाम होतात. सोसायटीच्या ग्रुपवर यातलं काहीच नसतं. तिथे स्क्रीनशॉट पडतो, पन्नास जण पाहतात, आणि ज्याचे शब्द आहेत त्याच्याकडे दाखवायला काही नसतं.

म्हणून माझ्या मते स्वतःच्या रक्षणासाठी ठेवणं, ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला दाखवणं, आणि पसरवणं, या तीन पायऱ्या वेगवेगळ्या धराव्यात. धमकी, फसवणूक, पैशांचं आश्वासन यांचा स्क्रीनशॉट ठेवायला टायमर आड येऊ नये, समोरच्याची इच्छा इथे मोडावी लागते आणि मोडावी. वकील, पोलीस, तक्रार समिती यांना दाखवणंही रास्त आहे. तिसरी पायरी मात्र जवळजवळ कधीच गरजेची नसते.

दाखवतानाही एक पथ्य पाळायला हवं. स्क्रीनशॉटमध्ये तिसऱ्याच कोणाचं तरी नाव, नंबर, आजारपण येऊन जातं. ते झाकायचं असेल तर फोनमधल्या हायलायटरसारख्या पारदर्शक पेनाने झाकू नये, उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं परत दिसू शकतात. पूर्ण अपारदर्शक चौकोन टाकावा किंवा तो भाग कापावा. पण कापलेल्या चित्राचा भरवसा आणखी कमी होतो, हेही खरं. त्यावर उपाय एकच: मूळ फाइल जशीच्या तशी स्वतःजवळ ठेवायची, झाकलेली प्रत दाखवायची, आणि अधिकाऱ्याने मागितलं तर मूळ द्यायची. खासगीपण आणि खरेपणा इथे एकमेकांविरुद्ध जात नाहीत, दोन वेगळ्या प्रतींनी दोन्ही सांभाळता येतात.

व्यवहारात मी एवढंच सांगेन, की पैसे, मुदती, नोकरीच्या अटी यांचं बोलणं टायमर लावलेल्या चॅटमध्ये करू नका. समोरच्याने लावला असेल तर बंद करा, तो अधिकार तुम्हालाही आहे, आणि पुन्हा लावला तर ‘हे ईमेलवर लिहा’ म्हणा. आणि अशा चॅटचा स्क्रीनशॉट तुमच्यापुढे आला, तर मत बनवण्याआधी तीन गोष्टी विचारा: नंबर दिसतोय का, त्याच्या मागेपुढे काय होतं, आणि ज्याचे हे शब्द म्हणून दाखवले जातायत त्याचं म्हणणं काय आहे. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. त्याच्याकडे उत्तरादाखल चॅट नसेल, तर ते त्याच्या खोटेपणाचं लक्षण मानू नका. टायमरने त्याची प्रतही तितक्याच चोख पुसलेली असते.